दवादारूतली दारू

फोन आला तेव्हा मी 'द'ची पानं लावत होते. खिडकीबाहेर चंद्रपूरचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. मोहफुलं गळण्याचे दिवस होते. त्या दिवसांत शहरातही पहाटे एखादी गोड, जडशी झुळूक येते आणि माणूस हातातलं काम विसरून उगाच बसून राहतो. मी सहसा तशी बसत नाही. कामांची यादी केली की ती संपवायची, ही माझी सवय. त्या दिवशी मात्र दरवळणारा आणि दवा या दोन शब्दांच्या मधोमध कुठेतरी मी थांबले होते.

"मॅडम, तुमच्या पुस्तकानं आमच्या गावात भांडन लावलं जी."

आवाज ओळखीचा होता. वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात बायांचं दारूबंदीचं मंडळ आहे, त्याची ही सचिव. तरुण, दहावी झालेली, बोलायला धारदार.

"कोणतं पुस्तक?"

"तेच जी, पातळं. त्याच्यात आमच्या बाईनं म्हनलं का ते बारतीनले दारू देते. आता गावात तेच चालू हाय. शुक्रवारी सभा हाय. बाईले मंडळातून काढाचं का ठेवाचं, ते ठरन."

आम्ही काही मराठीचे शिक्षक मिळून पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचा कोश करत होतो. गावोगाव जाऊन माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, त्यातले शब्द कार्डांवर घ्यायचे, अर्थ लिहायचा, खाली त्या माणसाचंच एखादं वाक्य द्यायचं, अशी पद्धत. काम कसं दिसतं ते लोकांना कळावं म्हणून 'द' अक्षराची एक नमुना पुस्तिका छापून आम्ही शब्द दिलेल्या गावांना पाठवली होती. लोक वाचतील, चुका सांगतील, असं वाटलं होतं. लोकांनी वाचली.

पुस्तिका उघडली. 'दारू' या नोंदीखाली लिहिलं होतं: स्त्रीलिंगी नाम, मद्य. उदाहरण: "बारतीनले... दारू देतो मी." आणि कंसात गावाचं नाव, त्यापुढे 'वैदू बाई'.

झाडीत बऱ्याचदा ळचा र होतो आणि णचा न. बाळंतीण तिथे बारतीन होते. बायाही 'मी देतो', 'मी जातो' असंच बोलतात. वाक्य तिचंच होतं यात शंका नव्हती. आम्ही व्यक्तींची नावं देत नव्हतो, पण त्या गावात झाडपाल्याचं औषध देणारी बाई एकच आहे. मंडळाची अध्यक्षही तीच. गावातल्या भट्ट्यांवर बाया चालून गेल्या तेव्हा सगळ्यांत पुढे ती होती. पहिलं मडकं तिच्या काठीनं फुटलं, असं अजून सांगतात.

आता त्याच गावात तिच्या नावावर छापून आलं होतं की ती बाळंतिणींना दारू पाजते.

मी त्या दिवसाचं मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐकलं. वाक्य होतं: "बारतीनले कोनत्याबी येरी दवादारू देतो मी, मंग ते रातची असो का दिवसाची. मी दवादारू देतो."

येरी म्हणजे वेळी. काय झालं ते लगेच कळलं. जोडशब्द आला की त्याचं उदाहरण दोन्ही घटकशब्दांखाली द्यायचं, असा आमच्या कोशाचा नियम होता. आणि उदाहरण एका ओळीत बसवायचं, हा दुसरा नियम. बसवण्याचं काम एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे होतं. सरांनी मधले शब्द आणि त्यांच्यासोबत 'दवा'ही कापून तीन टिंबं टाकली होती.

"टिंबं टाकायचीच असतात," फोनवर सर म्हणाले. "काही वगळलंय हे वाचकाला कळावं म्हणून. शास्त्रच आहे ते."

"सर, वगळलं तेच औषध होतं."

फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुमच्या स्कूटीवर मागे बसतो. हेल्मेट आणा."

शुक्रवारी सकाळीच निघालो. पिशवीत काय घ्यायचं त्याची यादी आदल्या संध्याकाळी केली होती: ध्वनिमुद्रणाचं यंत्र, छोटा स्पीकर, पुस्तिकेच्या प्रती, जुन्या कोशांच्या पानांच्या झेरॉक्स, पाण्याच्या बाटल्या. सर मागे बसून पिशवी धरून होते. वैनगंगेच्या पुलावर नदी इतकी संथ आणि उथळ होती की वाळूचे पट्टेच वाहतायत आणि पाणी थांबलंय असं वाटावं. पुढे जंगल लागलं. साग उघडेबोडके, पळस विझत आलेला, आणि मोहाखाली पिवळसर फुलांचा थर. बाया टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. वास इतका दाट होता की गाडी त्यातून जात नसून तोच आपल्या भोवतीनं सरकतोय असं वाटत होतं. सरांची मान मधूनमधून माझ्या खांद्यावर टेकत होती.

अशा वेळी माझं डोकं यादीत काम करत नाही. शब्द सुटे होऊन तरंगायला लागतात. मला त्या जंगलात आधी मृग दिसला. दिसला म्हणजे शब्द दिसला. फार जुन्या संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, जनावरांचा राजा. वानर शाखामृग, फांदीवरचं जनावर. आणि शिकारीला मृगया. मग शतकं लोटली आणि सगळं रान त्या शब्दातून हळूहळू बाहेर पडलं. शेवटी एक हरीण राहिलं. अर्थाचा संकोच म्हणजे हा. वर्गात मी तो फळ्यावर लिहिते. इथे तो झाडांमधून चालत गेल्यासारखा वाटत होता. डोंगराला माथा, पायथा आणि सोंड आहे. उसाला डोळा आहे. माणसानं स्वतःचं आणि हत्तीचंही अंग उचलून जगाला चिकटवलंय. तो वेगळा रस्ता, रूपकाचा. दारू या सगळ्याच रस्त्यांनी गेलेली होती. सभेत हे कसं सांगायचं, ते ठरत नव्हतं.

बाईचं घर गावाच्या कडेला, तळ्याच्या बाजूला. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. सरांनी त्या फुलांकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

"अशे काय पाहून राह्यले जी गुरुजी?" बाई ओसरीतून म्हणाली. ती खलबत्त्यात कसलीशी साल कुटत होती. "लाडू करतो त्याचे. बंदी दारूची हाय, फुलाची नाई."

आम्ही बसलो. तिनं पाणी दिलं. मी यंत्र सुरू केलं आणि तिला तिचाच आवाज ऐकवला. ती कान पुढे करून ऐकत राहिली. सालीची पूड तिच्या बोटांना लागली होती.

"माझंच तोंड हाय हे."

"हो बाई. तुम्ही बरोबरच बोलला होता. छापताना अर्धा शब्द गेला."

"कोनी नेला?"

सरांनी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा. बाई हसली. दात फारसे नव्हते, पण हसू पुरेसं होतं.

"तुमी माझं आदं तोंड कापलं जी गुरुजी. आता सभेत बोलासाठी आदंच उरलं."

मग हसू गेलं. ती म्हणाली, "दोन घरी बारतीन हायत. दोघीबी दवाखान्यातून आल्या. मले बलावलं नाई. आगोदर तं सूनबाई घरी पोचाच्या आगोदर माझं बलावनं येत होतं. मंडळाचं राहू द्या, काढू द्या. पन लोक मले पाहून पोर आत घेऊन जाते जी."

हे सांगताना तिनं बत्ता खाली ठेवला नव्हता. हातात धरून तशीच बसली होती.

मी तिला धीर देण्यासाठी शब्दाची गोष्ट सांगायला लागले. खरं म्हणजे सभेत सांगायची तालीमच करत होते. दवादारू या शब्दात दवा अरबी आणि दारू फारसी, आणि दोन्हींचा अर्थ एकच, औषध. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत हे शब्दही तसेच बनलेत. एका अर्थाचे दोन शब्द, बहुतेकदा दोन भाषांमधले, खांद्याला खांदा लावून उभे करायचे. फारसीत दारू म्हणजे औषधच. आजही.

"आन् त्याच्या आगोदर?" बाईनं विचारलं. "औषदाले दारू काऊन म्हनलं?"

हा प्रश्न मला वर्गात कधी कोणी विचारला नव्हता. पण उत्तर होतं. "त्याच्या आधी लाकूड. झाड. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. देवदार म्हणतो ना, तो देवांचं लाकूड. दारुहळद म्हणजे लाकडातली हळद. इराणी भाषांमध्ये या शब्दाचाच भाऊबंद होता, आणि अभ्यासकांचं म्हणणं असं की त्यातूनच औषधाचा शब्द निघाला. औषध झाडापासूनच यायचं ना. झाडाचं नाव औषधाला लागलं."

बाईनं खलातली साल चिमटीत घेतली. ओसरीत ऊन तिरपं आलं होतं आणि कुटताना उडालेली पूड त्यात अजून तरंगत होती. ती त्या पुडीकडे बघत राहिली. मला वाटलं, इतक्या लांबून, इतक्या तोंडांतून फिरत हा शब्द परत झाडाच्या सालीपाशी आलाय आणि आता थोडा वेळ इथे बसणार आहे.

"मंग मी देतो ते दारूच हाय की," ती म्हणाली.

सर दचकले. "हे सभेत नका बोलू बाई!"

"नाई बोलत. येडी हाय का मी?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "पन मॅडम, एक हाय. माझी सासू बारतीनच्या मालिशीले मोहाची दारू घेत होती. थंडीच्या दिवसात चमचाभर पोटातबी. बंदीच्या आगोदर मीबी देल्ली हाय. त्याच्या मागून एक थेंब नाई. हे सांगू का नोको?"

माझ्या तयारीत हे नव्हतं. पण अडचणीचं असलं तरी त्यात नवल काहीच नव्हतं. औषधाचा शब्द मद्यावर गेला तो असाच गेला असणार. मद्य औषध म्हणून चमच्यानं घराघरात आलं, आणि ज्यांना चमच्याच्या पुढे जायचं होतं त्यांनीही औषधाचंच नाव सांगितलं. नाव सभ्य होतं, आडोसा चांगला होता.

"विचारलं तर सांगा," मी म्हणाले.

"विचारनच आमची सचिव. तिले शिकवलं मीच हाय."

सभा दुपार कलल्यावर समाजमंदिरात भरली. बाया पुढे, पुरुष मागे भिंतीला टेकून. बाई मंडळाच्या नेहमीच्या सतरंजीवर बसली नाही, बाजूला खांबापाशी बसली. सचिवेनं उभं राहून पुस्तिकेतली ओळ मोठ्यानं वाचली. मग मला म्हणाली, "बोला मॅडम."

मी आधी ध्वनिमुद्रण ऐकवलं. दोनदा ऐकवलं. सरांनी उठून सांगितलं की शब्द त्यांनी कापला, जागा कमी होती म्हणून. मग मी विचारलं, "दारूगोळा म्हणजे काय?"

"बारूद जी," मागून कोणी म्हणालं.

"जुन्या लढायांच्या कागदांत जागोजाग दारू येते. किल्ल्यावर दारू पाठवली, दारू भिजली, दारू संपली. तेव्हा काय किल्ल्यावरून बाटल्या फेकत होते?"

भिंतीपाशी बसलेला एक म्हातारा भाऊ, ज्याचा त्या भट्ट्यांशी जुना संबंध होता असं मला नंतर कळलं, म्हणाला, "तशी लढाई असती तं मी पयल्या रांगेत असतो जी."

"तुमी आताबी पयल्याच रांगेत होते भाऊ, म्हनून तं मडके फोडा लागले," एक बाई म्हणाली, आणि सभा हसली.

हसू ओसरल्यावर मी पुढे सांगितलं. औषध कुटतात, मोजतात, कोरडं जपतात. बंदुकीची काळी पूडही तशीच कुटायची, मोजायची, जपायची. त्या सारखेपणावरून तिला औषधाचं नाव मिळालं असावं. एक गोष्ट दुसरीसारखी दिसते म्हणून तिचं नाव घेते, ते रूपक. बंदुकीची दारू, मग शोभेची दारू, म्हणजे दिवाळीतले बाण आणि नळे. तिकडे मद्यालाही तेच नाव. बाटलीतल्या दारूनं मग बाकीच्या अर्थांना घराबाहेर काढलं. आता नुसतं दारू म्हटलं की एकच अर्थ, आणि तोही बदनाम. जुना अर्थ उरलाय तो फक्त दवादारूसारख्या जोडशब्दात, डिंकात अडकलेल्या मुंगीसारखा. बाई ज्या दारूबद्दल बोलली ती ही.

मला वाटलं, चांगलं सांगितलं. बाया मान हलवत होत्या. मग सचिव म्हणाली, "मॅडम, शब्द जुना असन. पन माझा नवरा जुन्या अर्थानं पीत नोता."

कोणी हसलं नाही.

"तुमच्या पुस्तकात चार अर्थ असन. माझ्या घरात एकच होता. तो शब्द कुठीबी ऐकला का मी दाराची कडी लावाले उठतो. दवाच्या मांगं लागला का औषदाच्या मांगं, मले तं तोच ऐकू येते. माझ्या पोरीले बी तोच ऐकू येते."

मी झेरॉक्सचे कागद घेऊन उभी होते. शब्दाचा अर्थ उतरतो, हीन होतो, असं आम्ही लिहितो. अर्थापकर्ष. पुस्तकात ते पाण्याची पातळी उतरल्यासारखं वाटतं, आपोआप, कोणी न करता. इथे माझ्यासमोर एक बाई होती जिच्या घरात तो उतरला होता. मी हातातले कागद दुमडून पिशवीत टाकले. दुपारचं ऊन दारातून आत येऊन सतरंजीवर पसरलं होतं आणि कुणाचंतरी तान्हं मूल झोपेत चोखल्यासारखा आवाज करत होतं.

सचिव खांबाकडे वळली. "बाई, तुमीच सांगा. देल्ली का कधी?"

"देल्ली," बाई म्हणाली.

मागे कुजबुज झाली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"बंदीच्या आगोदर देल्ली. मालिशीले, अन् चमचाभर पोटात. माझ्या सासूनं शिकवलं तशी. तुझ्या मायले तुझ्या वक्ताले मीच देल्ली. विचार घरी जाऊन." ती सचिवेकडे बघत होती. "मंग बंदी झाली. त्या दिवशी माझ्या घरात एक शिशी होती. ते मी सगळ्यात आगोदर फोडली, मंग दुसऱ्यांच्या घरी गेलो. आता सालच देतो, तेलच लावतो. कोनाले पटत नसन तं माझा खल हुंगून पाहा."

"खरं हाय," मागची एक म्हातारी म्हणाली. "शिशी फुटली तेवा मी होतो तिथी. येवढी नशीली माती कधी हुंगली नोती."

बाया आपापसांत बोलायला लागल्या. एकदम सगळ्या, आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. मी खाली बसले. थोड्या वेळानं सचिवेनं टाळी वाजवली.

"बाई मंडळात राह्यतीन. अध्यक्ष तेच. आन् पुस्तकात दुरुस्ती कराची." ती माझ्याकडे वळली. "करान का नाई?"

"करणार. दारूखालचं वाक्य काढून टाकू. पूर्ण वाक्य दवादारूखाली जाईल, औषधोपचार या अर्थानं."

"ते तुमच्या पुस्तकात. पन आमच्या गावात तो शब्द नोको. मंडळाचा ठराव लिवतो मी: इथून पुढं दवादारू म्हनाचं नाई. दवापानी म्हनाचं. औषदपानी चालन. पन त्याच्या मांगं ते शेपूट नोको."

माझ्या तोंडून निघणारच होतं की हा जुना अर्थ फक्त याच शब्दात जिवंत आहे, तो तरी राहू द्या. निघालं नाही. शब्द माझा नव्हता. जे रोज बोलतात त्यांचा होता. त्यांना तो नको होता, आणि का नको ते त्यांनी मला सांगितलं होतं.

भिंतीपाशी म्हाताऱ्या भाऊनं हात वर केला. "पानीबी नोको म्हना मंग. आमी भट्टीवर जाऊन 'पानी देता का' म्हनत होतो. अन् दवाबी नोको. आताचे पोट्टे 'दवा मारली' म्हनते."

"भाऊ, तुमी गप बसा."

"मी तं माहिती देऊन राह्यलो. मॅडमले पुस्तकात टाकाले."

मी खरंच टिपून घेतलं. दवा, पाणी, दोन्ही त्याच वाटेला लागले होते. एखाद्या दिवशी दवापानीवरही अशीच सभा भरेल, आणि तेव्हा दुसरंच कोणीतरी खांबापाशी बसलेलं असेल. पण ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

"बाई, पटलं का?" सचिवेनं विचारलं. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "म्हनून पाहा बरं एकदा."

बाईनं तोंड उघडलं. "दवादा..." आणि थांबली. सगळी सभा हसली, तीही हसली, पदर तोंडाशी धरून. पुन्हा म्हणाली, "दवादारू. हे पाहा, आलंच. सासूच्या तोंडातून माझ्या तोंडात आलं, तं काय येका दिवसात जाईन का? वळन लागाले टाइम लागन जी. चुकलो तं शाळेतल्या पोरीवानी मारू नका मले."

"नाई मारत. टोकू."

"टोका."

चहा झाला. लोक पांगले. सर आणि मी समाजमंदिराच्या पायरीवर बसलो. 'दवापानी'चं नवं कार्ड केलं, अर्थ लिहिला, गाव लिहिलं. जुन्या कार्डावर दवादारूपुढे काही खूण करायला हवी होती.

"लुप्त लिहा," सर म्हणाले. "इथून तरी गेलाच."

"अजून गेला नाही. आत्ता दोनदा ऐकला."

"मग 'जुन्या लोकांच्या बोलण्यात'?"

बाई जवळच बसून चपला घालत होती. तिनं ऐकलं. "जुन्या लोकांच्या नोको. म्हातारी लिवता काय जी गुरुजी? अजून साल तोडाले झाडावर चढतो मी."

सरांनी पेन खाली ठेवलं. कार्ड तसंच कोरं राहू दिलं. तळ्यावरून वारा यायला लागला होता, मोहाचा वास घेऊन, आणि उन्हं झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसली होती. गाव नेहमीसारखं झालं होतं. गुरं परतत होती, चुलीचा धूर गवताच्या छपरांमधून झिरपल्यासारखा वर जात होता. बाई उठली नाही. चपला घालूनही ती पायरीवरच बसून राहिली, गावाच्या वाटेकडे न बघता. घरी जायचं तर त्या दोन बाळंतिणींच्या घरांवरून जावं लागत होतं.

मग समोरच्या गल्लीतून त्यांतल्याच एका घरची सून आली. डोक्याला रुमाल बांधलेला, चालणं अजून जपून. ती लांबूनच थांबली आणि हाक मारली, "दवापानी आजी!"

बाईनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"ओ दवापानी आजी! पोराचं पोट फुगलं जी. येता का?"

बाई अजून तशीच. आजूबाजूला बघत होती, कुणाला बोलावतायत म्हणून. समाजमंदिराला कुलूप लावणारी सचिव हसली आणि तिच्या खांद्याला हात लावला.

"तुमालेच बलावून राह्यले बाई."

"मले?"

"तुमालेच."

ती उठली. थैली खांद्याला अडकवली, आत काय काय आहे ते वरूनच चाचपलं, आणि भराभर चालायला लागली. सुनेपाशी पोचल्यावर तिनं काहीतरी विचारलं, सुनेनं सांगितलं, आणि दोघी छपरांच्या धुरात दिसेनाशा झाल्या.